एआयला फक्त कल्पना विचारल्या, हे कागदावर कसं दाखवायचं?

प्रश्न: एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेसाठी मी गावातल्या पिठाच्या गिरणीवर कथा लिहितेय. नियमांत एक ओळ आहे, 'एआयचा वापर केला असल्यास तो किती व कुठे, हे सोबत कळवावे.' मी चॅटजीपीटीला गिरणी बंद का पडेल याची कारणं विचारली, अर्धा तास गेला असेल. त्यातलं एक कारण घेतलं. कथेतलं एकही वाक्य त्याचं नाही. अजून एकदोनदा विचारावं लागेल असं दिसतंय. 'फक्त कल्पनांपुरता वापर' एवढंच लिहिलं तर कोण विश्वास ठेवील? नोंद ठेवायची तर नेमकी कशी ठेवायची?
— एक कथालेखिका, सांगली

उत्तर: पुढचा प्रश्न विचारण्याआधी एक काम करा. वहीत आजची तारीख घाला आणि या घडीला कथा तुमच्याजवळ किती आहे ते लिहून काढा. गिरणी कोण चालवतं, गाव कसं आहे, कुठला प्रसंग डोळ्यांसमोर आहे, शेवट ठरलाय की नाही, कुठे अडलंय. दहाबारा ओळी पुरेत. याला आपण 'आधीची नोंद' म्हणू. पुढे कुणी विचारलं की एआयनं नेमकं काय दिलं, तर उत्तर वजाबाकीनंच मिळतं, आणि वजाबाकीला पहिला आकडा लागतो. बहुतेकांच्या नोंदवहीत नेमकं हेच पान नसतं. पहिली नोंदच एआयच्या उत्तरापासून सुरू होते, त्यामुळे कथेचं बीज तिथूनच आलं असं वाचणाऱ्याला वाटतं, मग ते मुळात तुमचं असलं तरी.

झालेल्या अर्ध्या तासाची नोंद आता करताना ती मागाहून केली आहे हे वरच लिहा: 'मागाहून लिहिलेली नोंद, लिहिल्याची तारीख अमुक.' आठवणीवर विसंबू नका. तो संवाद उघडा आणि त्यात दिसतंय तेवढंच उतरवा. आठवणीतून लिहिलं की माणूस नकळत स्वतःच्या बाजूनं लिहितो. पाच वेळा विचारलेलं दोनदा होतं, आणि घेतलेली कल्पना 'तशी माझ्या मनात होतीच' अशी होऊन बसते. मागाहून लिहिलेल्या नोंदीत कमीपणा काही नाही. तिच्यावर जुनी तारीख टाकणं मात्र सगळी वही बाद करतं, कारण एक तारीख खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या तारखांनाही कुणी विचारत नाही.

आता एका बैठकीची नोंद कशी असावी ते तुमच्याच कथेवर पाहू. समजा, तुमची पहिली बैठक अशी होती:

> मागाहून लिहिलेली नोंद, लिहिल्याची तारीख अमुक. बैठक १. १२ जुलै २०२५, रात्री ८.१० ते ८.३५. चॅटजीपीटी (वर दिसणारं मॉडेलचं नाव इथे).
> विचारलं: 'गावातली पिठाची गिरणी बंद पडण्याची २० कारणं दे. एका ओळीत एक. गोष्ट, संवाद, वर्णन लिहू नकोस.'
> पुन्हा विचारलं: एकदा, 'वीज आणि पैसा सोडून' असं सांगून, आणखी १०.
> आलं: एकूण ३०. पाकिटातलं पीठ, घरगुती चक्की, वीजबिल, वारसाचा वाद वगैरे १९ मला आधीच सुचलेली.
> घेतलं: एक. शेजाऱ्याची आवाजाबद्दल तक्रार.
> माझ्याकडे आल्यावर त्याचं काय झालं: तक्रार करणारा शेजारी म्हणजे गिरणी चालवणाऱ्या सुमनचा शाळेतला सोबती. साखर कारखान्यात रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. तक्रार लेखी करत नाही, नुसता येऊन ओट्यावर बसतो.
> सोडलं, का: 'मुलगा शहरात जातो' हे सोडलं. शंभर कथांत येऊन गेलंय आणि सुमनला मूलच नाही.
> कथेत कुठे: खर्डा २, ओट्यावरचा प्रसंग.

यातल्या दोन ओळींवर सगळा भार आहे. पहिली 'विचारलं'. प्रश्न शब्दशः उतरवायचा, 'कारणं विचारली' असा गोषवारा नको, कारण वापर कल्पनांपुरता होता की लेखनाचा, हे प्रश्नाच्या शब्दांवरूनच कळतं. 'गोष्ट लिहू नकोस' हे वाक्य प्रश्नातच असेल तर तुमची मर्यादा त्याच वेळच्या शब्दांत नोंदली गेली. याउलट, तुमचा परिच्छेद चिकटवून 'हा जरा चांगला कर' म्हणालात, तर तो वापर संपादनाचा झाला, मग तुम्ही त्याला काहीही म्हणा. तसं झालंच तर नोंदीत तसंच लिहा आणि निवेदनातही तसंच सांगा.

दुसरी ओळ 'माझ्याकडे आल्यावर त्याचं काय झालं'. एआयनं दिलं 'शेजाऱ्याची तक्रार', कथेत आला ओट्यावर मुकाट बसणारा रात्रपाळीचा माणूस. या दोहोंमधलं अंतर तुमचं आहे, आणि ते दाखवणारी दुसरी जागा कुठेच नाही. म्हणून ही ओळ चॅटची खिडकी बंद केल्यावर, हातानं, स्वतःच्या शब्दांत लिहा. पडद्यावर पाहून उतरवली तर एआयचेच शब्द येतात.

शब्द येण्याचा धोका खरोखर मोठा आहे, आणि तो चोरपावलांनी येतो. समजा, तिसऱ्या बैठकीत तुम्ही शीर्षकं विचारलीत. सोबत त्यानं न विचारता दोन ओळींचा सारांशही दिला, आणि त्यात होतं: 'गिरणी थांबली, पण तिचा आवाज थांबला नाही.' तुम्ही शीर्षक घेतलं नाहीत. पण तीन दिवसांनी शेवट लिहिताना 'गिरणी बंद झाली तरी आवाज काही थांबला नाही' असं वाक्य उतरलं, आणि ते आपलंच वाटलं. इथे कुणी लबाडी केलेली नाही, कान असाच चालतो. म्हणून प्रत्येक बैठकीच्या नोंदीत, आलेल्या मजकुरातली लक्षात राहतील अशी वाक्यं आणि शब्दजोड्या वेगळ्या लिहून ठेवा: 'ही कथेत येता कामा नयेत.' अंतिम खर्डा झाला की एकेक शब्दजोडी घेऊन खर्ड्यात शोधा. जोडीतले शब्द मध्ये दुसरा शब्द घेऊनही येतात, म्हणून 'थांब' एवढंच टाका, म्हणजे 'थांबला', 'थांबलाच', 'थांबेना' सगळं सापडेल. काही सापडलं तर काढा आणि वहीत लिहा: 'शेवटचं वाक्य बैठक ३ मधल्या वाक्यावर बेतलेलं निघालं, ५ ऑगस्टला काढलं, नवं लिहिलं.' ही ओळ लपवावीशी वाटेल. लपवू नका. चुकीची एकही नोंद नसलेली वही पाहून परीक्षकाला ती सजवलेली वाटते, आणि बहुधा ती तशीच असते.

असंच एक वेगळं खातं माहितीचं ठेवा. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची वेळ कधी येते, पट्टा सुटला की काय होतं, हे एआयनं सांगितलं असेल तर ती कल्पना नव्हे, माहिती आहे, आणि ती चुकीची असू शकते. वहीत 'एआयनं सांगितलं', 'गिरणीवाल्याला विचारून खात्री केली, तारीख अमुक', 'कथेत ठेवलं' किंवा 'चूक निघाली, काढलं' असं लिहा.

वहीच्या विश्वासार्हतेचा तुमचा प्रश्न रास्त आहे. नुसती वही म्हणजे तुमचा शब्दच. तिला वजन येतं ते तुमच्या हाताबाहेर तयार झालेल्या दोन गोष्टींशी ती जुळते तेव्हा: एआयच्या खात्यातला मूळ संवाद आणि कथेच्या खर्ड्यांचा इतिहास.

आधी संवाद. या कथेसाठी एकच वेगळा संवाद उघडा आणि सगळे प्रश्न त्यातच विचारा. तात्पुरत्या संवादाची सोय वापरू नका, तो इतिहासात राहत नाही. काही पुसूही नका. बैठका संपल्या की `Settings` मधल्या `Data controls` मध्ये जाऊन `Export data` करा. ईमेलवर दुवा येतो आणि तो २४ तासच चालतो, म्हणून लगेच उतरवून घ्या. त्या झिप फाइलमध्ये संवाद `conversations.json` नावाच्या फाइलीत असतात. तिच्यात तुम्ही बदलून पुन्हा विचारलेले प्रश्न आणि पुन्हा मागवलेली उत्तरंही सापडतात. म्हणून नोंदीत 'पुन्हा विचारलं' ही ओळ हवीच. वहीत एक प्रश्न आणि फाइलीत सहा, असं निघालं तर खुलासा करत बसावं लागतं.

वेळेचा एक घोळ इथे हमखास होतो. त्या फाइलीत वेळ `create_time` या नावापुढे एका मोठ्या आकड्यात असते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, तेही ग्रीनिचच्या वेळेनं. तुम्ही १ ऑगस्टला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी विचारलं असेल तर आकडा 1753989000 असा दिसेल, आणि कुणी तो तसाच उलगडला तर तारीख निघेल ३१ जुलै, संध्याकाळचे ७.१०. वहीत १ ऑगस्ट आणि फाइलीत ३१ जुलै, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात शंकेला जागा. आकडा एक्सेलच्या A1 मध्ये टाका, शेजारच्या घरात हे लिहा आणि त्या घराला तारीख-वेळेचं रूप द्या, भारतीय वेळ मिळेल:

```
=A1/86400+DATE(1970,1,1)+TIME(5,30,0)
```

ही झिप फाइल कुणालाही पाठवू नका. तिच्यात तुमच्या खात्यातले सगळे संवाद असतात, औषधपाण्याचे, घरच्या भांडणांचे, सगळे. परीक्षकांना दाखवायला त्या एका संवादाचा दुवा `Share` मधून काढता येतो. दुवा काढला त्या क्षणापर्यंतचाच मजकूर त्यात असतो, आणि मूळ संवाद पुसला की दुवाही मरतो. फाइल मात्र तुमच्याजवळ राहू द्या आणि तिचा ठसा काढून ठेवा. विंडोजवर फाइल जिथे आहे त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका. फाइलीचं नाव आधी बदलून सोपं करून घ्या:

```
certutil -hashfile girani.zip SHA256
```

६४ अक्षरांची एक ओळ येईल, हाच फाइलीचा ठसा. ती ओळ एखाद्या लेखक मैत्रिणीला ईमेल करा: 'गिरणी कथेच्या संवादांच्या फाइलीचा ठसा.' फाइलीत पुढे एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. त्यामुळे फाइल त्या तारखेला तशीच होती हे दाखवता येतं आणि आतलं खासगी काही बाहेर जात नाही. झिप उघडून पुन्हा बांधू नका, ठसा बदलेल. आतलं वाचायचं असेल तर प्रत करून ती उघडा. आणि ईमेल स्वतःलाच करण्यापेक्षा दुसऱ्याला करा, म्हणजे तारखेची नोंद तुमच्या हातात नसलेल्या खात्यातही राहते.

आता खर्ड्यांचा इतिहास. वापर मर्यादित होता हे सगळ्यांत स्पष्ट इथेच दिसतं, कारण माणसाची कथा वाकडीतिकडी वाढते. परिच्छेद वर जातो, पात्राचं नाव बदलतं, शेवट तीनदा लिहिला जातो. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर `File` मधल्या `Version history` मध्ये जाऊन `Name current version` करा आणि वहीतलंच नाव द्या: 'बैठक २ आधी', 'बैठक २ नंतर'. नाव न दिलेल्या जुन्या आवृत्त्या जागा वाचवण्यासाठी कधीकधी एकमेकींत मिसळल्या जातात, म्हणून नाव द्यायचं. डॉक्युमेंटची प्रत काढून त्या प्रतीत पुढे लिहू नका, इतिहास मूळ फाइलीतच राहतो. इतिहास पाहायला संपादनाचा अधिकार लागतो, नुसत्या वाचनाच्या दुव्यावर तो दिसत नाही. परीक्षकांनी मागितलाच तर व्हिडिओ कॉलवर स्वतः उघडून दाखवणं बरं.

पहिला खर्डा हातानं लिहीत असाल, मराठीत अजून बरेचजण लिहितात, तर तो उत्तमच पुरावा आहे, पण एक फट राहते. हस्तलिखित डीटीपीवाल्याकडे गेलं, त्यानं श्रीलिपीत टाइप केलं, युनिकोडमध्ये बदलून तुम्हाला पाठवलं आणि तुम्ही ते डॉक्समध्ये चिकटवलंत, की इतिहासात दोन हजार शब्द एका मिनिटात आलेले दिसतात. एआयचं उत्तर चिकटवलं तरी नेमकं असंच दिसतं. त्या दिवशी वहीत लिहा, कुणी टाइप केलं, हस्तलिखिताची पानं किती. आणि त्या पानांचे फोटो लिहिले त्याच दिवशी काढा, खाडाखोडीसकट. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली फोटो काढल्याची तारीख गळून पडते, म्हणून मूळ फोटो फोनमधून थेट संगणकावर घ्या.

'माझा मजकूर एआयचा नाही' असं सांगणारं एखाद्या तपासणी साधनाचं पान जोडावंसं वाटेल. जोडू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याला एआयचा इंग्रजी मजकूर फक्त २६ टक्के वेळा ओळखता आला आणि माणसानं लिहिलेला ९ टक्के वेळा एआयचा ठरला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. मराठी कथेच्या बाबतीत असा आकडा तुमच्या बाजूनं लागला तरी त्याचा आधार घेऊ नये, कारण उद्या तो विरुद्ध लागला तर तुम्हीच त्याला प्रमाण मानलेलं असेल.

सोबतच्या निवेदनातही टक्केवारी नको. '५ टक्के एआय' म्हणजे कशाचे ५ टक्के, हे कुणालाच सांगता येणार नाही. मोजता येतं ते सांगा:

> 'या कथेसाठी चॅटजीपीटीचा वापर १२ जुलै ते १ ऑगस्ट २०२५ या काळात तीन बैठकांत, एकूण ५० मिनिटे, केवळ कल्पना सुचवण्यासाठी केला. कथेचा विषय, मुख्य पात्र व गाव ही त्याआधीच ठरलेली होती. आलेल्या ४८ सूचनांपैकी दोन घेतल्या: शेजाऱ्याच्या तक्रारीचा धागा आणि त्याच्या रात्रपाळीबद्दलचा एक प्रश्न. पहिल्या बैठकीची नोंद मागाहून, मूळ संवाद पाहून केली आहे. एका वाक्यावर एआयच्या वाक्याची छाया आढळल्याने ते काढून नवे लिहिले. लेखन, संवाद व संपादन माझे आहे. नोंदवही, संवाद व खर्डे मागितल्यास दाखवीन.'

हा नमुना आहे, आकडे तुमचे घाला. फोनवर बोलून टाइप केलं असेल किंवा शुद्धलेखन तपासणारं साधन वापरलं असेल, तर त्याचं एक वेगळं वाक्य जोडा, ते यात मिसळू नका.

रेषा कुठे ओढायची याचं एक ठोस उदाहरण म्हणून केडीपी या ॲमेझॉनच्या, स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याच्या सेवेचा नियम पाहण्यासारखा आहे. तिथे पुस्तक काढताना प्रत्यक्ष मजकूर एआयनं तयार केला असेल तर तसं सांगावं लागतं, नंतर तुम्ही तो कितीही बदललेला असो. कल्पना सुचवायला वापर केला आणि मजकूर स्वतः लिहिला तर तो साहाय्य धरला जातो आणि सांगण्याची सक्ती नाही. म्हणजे प्रश्न 'किती बदललं' हा नसून 'वाक्य आधी कुणी लिहिलं' हा आहे. तुमच्या स्पर्धेचा नियम मात्र याहून कडक आहे, तो वापर झाला असेल तर सांगाच म्हणतो, म्हणून निवेदन द्यायचंच.

आणि ते देण्याआधी संपादकांना एक छोटं ईमेल करा: 'कल्पना सुचवण्यापुरता वापर केलेली कथा स्पर्धेत चालेल का? निवेदन आणि नोंदवही देईन.' उत्तर लेखी घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. त्यांनी 'कुठल्याही टप्प्यावर नको' असं कळवलं, तर कितीही चोख नोंद असली तरी ही कथा या स्पर्धेला पाठवू नका, दुसरीकडे पाठवा. म्हणूनच हे ईमेल दुसऱ्या बैठकीच्या आधी गेलेलं बरं.